साइन नियम की कोसाइन नियम? काटकोन नसलेल्या त्रिकोणांच्या वर्कशीटबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अकरावी-बारावीची लेकरं हे वर्कशीट सोडवायला बसली की त्यांचे प्रश्न बहुतेक एकाच जागी येऊन थांबतात: दोन बाजू दिल्यात, एक कोन दिलाय, आणि तो कोन त्या दोन बाजूंच्या मध्ये नाही. म्हणून या पानावर त्या एका प्रकाराला सगळ्यात जास्त जागा दिली आहे. बाकीचं थोडक्यात आहे, कारण ते थोडक्यात समजतं. उदाहरणे शेवटी आहेत, उत्तरेही आहेत.

खूण सगळीकडे एकच ठेवली आहे. त्रिकोणाचे कोपरे A, B, C आणि त्यांच्या समोरच्या बाजू अनुक्रमे a, b, c. म्हणजे a ही बाजू A ला चिकटलेली नसते, ती त्याच्या समोर असते. आकृती काढल्यावर आधी ही अक्षरं नीट लिहा. नियम बरोबर निवडूनही उत्तर चुकतं तेव्हा पुष्कळदा बाजूचं नाव चुकलेलं असतं.

प्रश्न: कोणता नियम वापरायचा हे पटकन कसं ओळखायचं?

दिलेल्या माहितीत जोडी शोधा. जोडी म्हणजे एक बाजू आणि तिच्याच समोरचा कोन, दोन्ही माहीत असलेले. जोडी सापडली तर साइन नियम:

a / sin A = b / sin B = c / sin C

जोडी नसेल तर कोसाइन नियम:

a² = b² + c² − 2bc cos A

नववीत एकरूपतेच्या कसोट्या शिकलात, त्या इथे कामाला येतात. कोबाको किंवा कोकोबा असेल, म्हणजे दोन कोन आणि एक बाजू दिली असेल, तर तिसरा कोन 180° मधून वजा करून मिळतो. मग जोडी हातात येते आणि साइन नियम लागतो. बाकोबा असेल, म्हणजे दोन बाजू व त्यांनी समाविष्ट केलेला कोन, तर जोडी नाही, कोसाइन नियम. बाबाबा असेल, तर एकही कोन नाही. पुन्हा कोसाइन नियम, फक्त उलटा लिहून:

cos A = (b² + c² − a²) / 2bc

उरला बाबाको. यात जोडी असते, साइन नियम लागतोही, आणि घोळही इथेच होतो.

प्रश्न: बाबाको नावाची कसोटी आपल्याला कधी शिकवलीच नाही. का?

कारण ती खरी नाही. दोन बाजू आणि समाविष्ट नसलेला कोन एवढं सारखं असूनही दोन त्रिकोण वेगळे असू शकतात. नववीच्या वर्गात ही कसोटी यादीत नसते एवढंच कळतं. ती का नाही, हे कळायची जागा हे वर्कशीट आहे.

कागद घ्या आणि करून बघा. 10 सेमीचा रेषाखंड AC काढा. A पाशी कोनमापकाने 30° चा कोन करून एक लांब किरण काढा, पान आडवं धरा म्हणजे जागा पुरेल. आता कंपासमध्ये 7 सेमी अंतर घ्या, टोक C वर ठेवा आणि कंस मारा. कंस किरणाला दोन ठिकाणी छेदतो: एकदा A पासून सुमारे 3.8 सेमीवर, एकदा सुमारे 13.6 सेमीवर. दोन्ही बिंदूंना B म्हणता येतं. दोन्ही त्रिकोणांत AC = 10, BC = 7 आणि ∠A = 30° आहे. एक त्रिकोण ऐसपैस आहे, दुसरा चिंचोळा.

त्या दोन बिंदूंना B₁ (लांबचा) आणि B₂ (जवळचा) म्हणा. CB₁ आणि CB₂ दोन्ही 7 सेमी, म्हणून त्रिकोण CB₁B₂ समद्विभुज आहे आणि त्याचे पायाचे दोन्ही कोन समान आहेत. B₁ पाशी जो कोन आहे तोच आपल्या मोठ्या त्रिकोणाचा ∠B. B₂ पाशी मात्र आपल्या चिंचोळ्या त्रिकोणाचा ∠B हा त्या समान कोनाच्या रेषीय जोडीतला दुसरा कोन आहे, म्हणजे 180° वजा तो. दोन उत्तरं एकमेकांची पूरक का असतात, त्याचं कारण या आकृतीत उघडं दिसतं. सूत्र पाठ करण्याआधी ही आकृती एकदा हाताने काढलीच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

प्रश्न: हेच एखाद्या खऱ्या उदाहरणावर, आकड्यांसकट दाखवाल का?

एक तिकोनी शेत घेऊ. रस्त्याच्या कडेचा धुरा AC, लांबी 100 मीटर. C पासून निघणारा दुसरा धुरा CB, लांबी 70 मीटर. तिसरी बाजू AB ओढ्याकाठाने जाते, तिथे उभा ऊस आहे, टेप धरता येत नाही. A च्या खुणेवर उभं राहून रस्ता आणि ओढ्याची कड यांच्यातला कोन मोजला, तो 30° भरला. ओढ्याकाठची बाजू किती आणि शेत किती गुंठे, एवढं काढायचं आहे.

म्हणजे b = 100, a = 70, A = 30°. a आणि A ही जोडी आहे, म्हणून साइन नियम:

sin B = b sin A / a = 100 × 0.5 / 70 = 0.7143

कॅल्क्युलेटर सांगतो B = 45.6°. पण 180° − 45.6° = 134.4° याचीही साइन 0.7143 च आहे. दोन्ही तपासायचे.

पहिला मार्ग: B = 45.6°, मग C = 180° − 30° − 45.6° = 104.4°. आणि c = 70 × sin 104.4° / sin 30° = 135.6 मीटर.

दुसरा मार्ग: B = 134.4°. A मिळवला तर 164.4°, अजून 180° च्या आत आहे, म्हणून हा मार्ग बंद होत नाही. C = 15.6°, आणि c = 70 × sin 15.6° / sin 30° = 37.6 मीटर.

आता क्षेत्रफळ बघा, ½ × b × c × sin A या सूत्राने. पहिल्या त्रिकोणाचं सुमारे 3390 चौरस मीटर, दुसऱ्याचं सुमारे 940 चौरस मीटर. एक गुंठा म्हणजे 101.17 चौरस मीटर. म्हणजे त्याच तीन मापांतून एकदा साडेतेहतीस गुंठे निघतात आणि एकदा सव्वानऊच्या थोडे वर. चूक कुठेही झालेली नाही, दोन्ही गणितं बरोबर आहेत. दिलेली माहितीच एक त्रिकोण ठरवायला अपुरी आहे.

प्रश्न: मग कॅल्क्युलेटर एकच कोन का दाखवतो?

साइन इन्व्हर्सचं बटण दाबलं की कॅल्क्युलेटरला एकच उत्तर द्यावं लागतं, आणि ते नेहमी −90° ते 90° मधलं असतं. त्रिकोणाचा कोन मात्र 0° ते 180° मध्ये कुठेही असू शकतो. 90° च्या पुढचा अर्धा भाग साइन इन्व्हर्स कधीच दाखवणार नाही, तो तुम्हालाच 180° मधून वजा करून काढावा लागतो.

कोसाइनचं तसं नाही. लघुकोनाची कोसाइन धन, विशालकोनाची ऋण. त्यामुळे कॉस इन्व्हर्स 0° ते 180° मधला एकच आणि नेमका कोन देतो. हा फरक पुढे अजून एका प्रश्नात कामाला येणार आहे.

प्रश्न: बाबाको आला की दर वेळी दोन त्रिकोण लिहायचे का?

नाही. कधी दोन, कधी एक, कधी एकही नाही. किती ते ठरवायला एकच राशी आधी काढा: C पासून समोरच्या किरणावर टाकलेल्या लंबाची लांबी, h = b sin A. आपल्या शेतात h = 100 × 0.5 = 50 मीटर. C पासून ओढ्याच्या रेषेपर्यंतचं हे सगळ्यात कमी अंतर. आता b आणि A तसेच ठेवून फक्त a बदलून बघू.

समजा दुसरा धुरा 40 मीटरचाच आहे. C पासून ओढ्याच्या रेषेपर्यंत कमीत कमी 50 मीटर लागतात, 40 पुरणार कसे? त्रिकोण होतच नाही. गणितात हेच sin B = 1.25 असं दिसतं आणि कॅल्क्युलेटर Math ERROR दाखवतो. लेकरं इथे बटणं चुकली समजून पुन्हा पुन्हा दाबत बसतात. बटणं बरोबर असतात. ‘असा त्रिकोण शक्य नाही’ हेच त्या उदाहरणाचं पूर्ण गुणांचं उत्तर आहे, फक्त sin B ची किंमत 1 पेक्षा जास्त येते हे कारण सोबत लिहा.

धुरा बरोबर 50 मीटरचा असेल तर तो रेषेला फक्त स्पर्श करतो. sin B = 1, B = 90°, एकच त्रिकोण आणि तोही काटकोनी.

धुरा 50 पेक्षा मोठा पण 100 पेक्षा लहान असेल तर दोन त्रिकोण. आपला 70 चा प्रकार हाच.

धुरा 100 किंवा त्याहून मोठा असेल तर पुन्हा एकच. 120 मीटर घेऊन बघा: sin B = 0.4167, B = 24.6°. दुसरा उमेदवार 155.4°, पण त्यात 30° मिळवले की 185.4° होतात, त्रिकोणात बसत नाहीत. आकृतीत बघाल तर 120 चा कंस किरणाला एकदाच छेदतो; दुसरा छेद A च्या पलीकडे, किरण मागे वाढवला तर मिळतो, आणि तिथे ∠A 30° राहत नाही.

परीक्षेत हे चार प्रकार घोकून ठेवण्यापेक्षा मी एकच रीत सांगतो. साइनने कोन काढला की लगेच 180° मधून वजा करून दुसरा लिहा, त्यात दिलेला कोन मिळवा, बेरीज 180° पेक्षा कमी आली तर दुसरा त्रिकोणही आहे, नाहीतर तो खोडा. h ची तुलना ही त्या उत्तराची पडताळणी म्हणून करा.

प्रश्न: दिलेला कोनच विशालकोन असेल तर?

मग काम सोपं. त्रिकोणात एकच विशालकोन मावतो, म्हणून B लघुकोनच असणार, दुसऱ्या उमेदवाराचा विचारच नको. फक्त एवढं बघा की a ही b पेक्षा मोठी आहे ना. सगळ्यात मोठ्या कोनासमोर सगळ्यात मोठी बाजू असते, म्हणून A विशालकोन असून a ≤ b असेल तर त्रिकोण होत नाही. A काटकोन असला तरी हेच लागू.

इथे एक सापळा आहे. A = 110°, a = 9, b = 12 घेतलं तर sin B = 1.253 येतं आणि चूक लगेच दिसते. पण A = 110°, a = 11.5, b = 12 घेतलं तर sin B = 0.981 येतं, कॅल्क्युलेटर तक्रार न करता 78.7° देतो, आणि 110° + 78.7° = 188.7°. 1 पेक्षा कमी आलं म्हणजे त्रिकोण आहेच, असं समजू नका. बेरीज करूनच ठरवा.

प्रश्न: उत्तरं दोन आली, पण शेत तर एकच आहे. खरं कोणतं?

गणिताच्या पेपरात काही सांगितलं नसेल तर दोन्ही लिहायची, पूर्ण सोडवून. एकच लिहिलं तर उत्तर अपुरं.

शिवारात उभं असाल तर आणखी एक माहिती लागते, कुठलीही एक. B ची खूण दिसत असेल तर तिथला कोपरा काटकोनापेक्षा उघडा आहे की मिटलेला, एवढं नजरेनेही सांगता येतं, 45.6° आणि 134.4° यांत गल्लत होणार नाही. किंवा सातबाऱ्यावरचं क्षेत्र बघा. 100 चौरस मीटर म्हणजे 1 आर. उताऱ्यावर 34 आरच्या आसपास क्षेत्र असेल तर पहिला त्रिकोण, 9 आरच्या आसपास असेल तर दुसरा. शब्दांतली उदाहरणं सोडवताना अशी माहिती वाक्यात लपलेली असते. ‘B येथील कोन विशालकोन आहे’, ‘AB ही सर्वांत मोठी बाजू आहे’, ‘लघुकोन त्रिकोण’ असे शब्द दिसले की अधोरेखित करा. एक त्रिकोण त्यांनीच वगळलेला असतो. तिसरा शब्द मात्र जपून वापरा. आपल्या शेतात पहिल्या त्रिकोणाचा C 104.4° आहे आणि दुसऱ्याचा B 134.4°, म्हणजे यातला एकही लघुकोन त्रिकोण नाही. B लघुकोन असला म्हणून सगळा त्रिकोण लघुकोन होत नाही.

प्रश्न: बाबाको कोसाइन नियमाने सोडवता येतो का?

येतो, आणि मला ती रीत जास्त आवडते. तिसरी बाजू c अज्ञात ठेवून नियम लिहा:

70² = 100² + c² − 2 × 100 × c × cos 30°

म्हणजे c² − 173.2c + 5100 = 0. हे दहावीतलं वर्गसमीकरण आहे. सोडवलं की c = 135.6 किंवा c = 37.6. दोन धन मुळं, म्हणून दोन त्रिकोण. कुठलाही कोन 180° मधून वजा करायची आठवण ठेवावी लागली नाही.

बाकीचे प्रकारही हे समीकरण आपोआप वेगळे करतं. a = 40 घेतलं तर शेवटचं पद 8400 होतं, विवेचक ऋण येतो, मूळ नाही, त्रिकोण नाही. a = 50 घेतलं तर विवेचक शून्य, एकच मूळ 86.6. a = 120 घेतलं तर शेवटचं पद −4400, मुळांचा गुणाकार ऋण, म्हणजे एक मूळ धन आणि एक ऋण. बाजू ऋण असत नाही, म्हणून एकच त्रिकोण.

बारावीत जो प्रक्षेप नियम आहे, c = a cos B + b cos A, त्यातही हेच दिसतं. आपल्या शेतात b cos A = 86.6 आणि a cos B = ±49. B लघुकोन असेल तर 49 मिळवायचे, 135.6, विशालकोन असेल तर वजा करायचे, 37.6. ते 86.6 म्हणजे A पासून लंबाच्या पायापर्यंतचं अंतर, आणि दोन्ही B त्या पायाच्या दोन बाजूंना सारख्याच अंतरावर आहेत. कंपासने काढलेली आकृती समोर ठेवून हे अंतर मोजून बघा.

प्रश्न: बाकोबामध्ये तिसरी बाजू कोसाइनने बरोबर आली, पण पुढे कोनांची बेरीज 180° होत नाही. का?

हा घोळ दोन त्रिकोणांचा नाही, त्रिकोण एकच आहे. पण साइन इन्व्हर्सचा तोच अपुरेपणा इथे मागच्या दाराने येतो.

b = 5, c = 9, A = 40° घ्या. कोसाइन नियमाने a² = 25 + 81 − 90 × cos 40° = 37.06, म्हणून a = 6.09. आता मोठ्या बाजूसमोरचा कोन C साइनने काढला तर sin C = 0.950, C = 71.9°. B साइनने काढला तर 31.9°. बेरीज 40 + 31.9 + 71.9 = 143.8°. चूक समोर दिसते. पण B स्वतंत्र न काढता 180° मधून वजा करून 68.1° लिहिला असता, तर बेरीज बरोबर 180° आली असती आणि चूक झाकली गेली असती. तेव्हा ती पकडायची खूण अशी: b = 5 ही बाजू a = 6.09 पेक्षा लहान आहे, मग तिच्यासमोरचा कोन 68.1° हा 40° पेक्षा मोठा कसा?

खरा C विशालकोन आहे: 180° − 71.9° = 108.1°. कोसाइनने थेट काढला तर cos C ऋण येतो आणि 108.1° च मिळतात.

यावर दोन उपाय आहेत, कुठलाही एक धरा. एक तर सगळ्यात मोठ्या बाजूसमोरचा कोन कोसाइनने काढा. नाहीतर साइनने आधी लहान बाजूसमोरचा कोन काढा, तो विशालकोन असूच शकत नाही, आणि शेवटचा वजाबाकीने मिळवा.

प्रश्न: नियम बरोबर, आकडे बरोबर, तरी उत्तर वेगळं. कुठे बघू?

पहिलं, कॅल्क्युलेटर अंशांवर आहे का. sin 30 दाबा. 0.5 आलं तर ठीक. −0.988 आलं तर तो रेडियनवर आहे.

दुसरं, कोसाइन नियमात cos A फक्त 2bc ला गुणायचा असतो. वरच्याच उदाहरणात कुणी आधी 106 − 90 = 16 करून मग cos 40° ने गुणतं, 12.26 येतात आणि a = 3.5. पण 3.5 + 5 = 8.5, हे 9 पेक्षा कमी. असा त्रिकोणच होत नाही. तिसरी बाजू आली की दोन लहान बाजूंची बेरीज मोठीपेक्षा जास्त आहे ना, एवढं बघायची सवय लावा.

तिसरं, मधल्या पायरीत घाईने पूर्णांकन. शेताच्या उदाहरणात 0.7143 ऐवजी 0.71 लिहिलं तर चिंचोळ्या त्रिकोणाची बाजू 37.6 ऐवजी 36.8 मीटर येते, पाऊण मीटरहून जास्त फरक. मोठ्या त्रिकोणात त्याच चुकीने फक्त 20 सेंटिमीटरचा फरक पडतो. मधल्या पायऱ्यांत चार दशांश ठेवा, शेवटी एक.

प्रश्न: हे नियम काटकोन त्रिकोणात चालत नाहीत का?

चालतात. cos 90° = 0, म्हणून कोसाइन नियमाचं शेवटचं पद जातं आणि पायथागोरसचं प्रमेय उरतं. फक्त गरज नसते.

प्रश्न: जमीन मोजणारे या दोन त्रिकोणांच्या घोळात अडकत नाहीत का?

ते मापंच अशी घेतात की घोळ होऊ नये. 1802 साली विल्यम लॅम्बटनने मद्रासजवळ एक पायारेषा मोजून त्रिकोणांची साखळी सुरू केली. ती पुढे निजामाच्या मुलखातून उत्तरेकडे आली. लॅम्बटन 1823 मध्ये हिंगणघाटला वारला, काम पुढे चालू राहिलं. त्या पद्धतीत एक बाजू जमिनीवर अत्यंत काळजीने मोजायची आणि तिच्या दोन्ही टोकांवरून तिसऱ्या खुणेकडे कोन घ्यायचे. म्हणजे कोबाको. साइन नियमाने बाकीच्या बाजू काढायच्या, त्या पुढच्या त्रिकोणाच्या पायारेषा. शक्य तिथे तिसरा कोनही मोजायचा, म्हणजे बेरजेवरून चूक कळते. दोन कोन हाती असले की तिसरा ठरलेलाच असतो, साइन इन्व्हर्स घ्यायची वेळच येत नाही.

बाबाको टाळायला आणखी एक व्यवहारी कारण आहे. आपल्याच शेतात a ही h च्या जवळ असती, समजा 50 मीटर, आणि टेप धरताना एका मीटरची चूक होऊन 51 लिहिले गेले असते, तर B ची जागा लंबाच्या पायापासून 10 मीटर सरकली असती, आणि तीही कुठल्या बाजूला ते माहीत नाही. एका मीटरच्या चुकीचे दहा मीटर झाले. sin B ची किंमत 1 च्या जवळ आली, म्हणजे B काटकोनाजवळ आला, की त्या उत्तरावर जास्त विसंबू नका.

प्रश्न: सरावाची उदाहरणं कोणती?

प्रत्येकाला आधी प्रकार लिहा (कोकोबा, बाकोबा, बाबाबा, बाबाको), मग नियम, मग आकडे. अक्षरं मुद्दाम काही ठिकाणी बदलली आहेत.

1) A = 45°, B = 60°, a = 10. b काढा.
2) बाजू 7, 8, 13. सर्वांत मोठा कोन काढा.
3) b = 8, c = 5, A = 60°. a काढा.
4) A = 30°, a = 6, b = 10. त्रिकोण पूर्ण सोडवा.
5) A = 45°, a = 10, b = 8. त्रिकोण पूर्ण सोडवा.
6) A = 110°, a = 9, b = 12. किती त्रिकोण?
7) C = 30°, c = 5, b = 10. a काढा.

प्रश्न: आणि उत्तरं?

पहिल्यात b = 12.2. दुसऱ्यात cos ची किंमत −½ येते, कोन 120°. तिसऱ्यात a = 7, वर्गमूळ पूर्णांकात सुटतं.

चौथ्यात h = 5, आणि 6 ही 5 व 10 च्या मध्ये आहे, म्हणून दोन त्रिकोण. B = 56.4°, C = 93.6°, c = 12.0 किंवा B = 123.6°, C = 26.4°, c = 5.3. पाचव्यात a ही b पेक्षा मोठी, म्हणून एकच: B = 34.4°, C = 100.6°, c = 13.9. इथे दुसरा उमेदवार 145.6° होता, 45° मिळवले की 190.6° होतात, म्हणून खोडला, हे उत्तरात लिहिलेलं असलं पाहिजे.

सहाव्यात एकही नाही. सातव्यात जोडी c आणि C ची आहे, b sin C = 5 म्हणजे नेमकी c एवढीच, म्हणून B = 90° आणि a = 8.7. सातव्यात कुणाला दोन उत्तरं आली असतील तर 180° − 90° किती होतात ते बघा.